बाकावरून वाचता येणारे अक्षर

सरकारी रुग्णालयात मिळणारी ओआरएसची मोठी पुडी साडेवीस ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार ती लिटरभर पाण्यात विरघळवली की त्या पाण्यात सोडियमचे प्रमाण लिटरमागे ७५ मिलिमोल होते. जुलाबाने सुकत चाललेल्या बाळाच्या आतड्याला ते झेपते. तीच पुडी घाईगर्दीत एका पेल्यात, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाण्यात ओतली तर प्रमाण पाचपट होते, ३७५ मिलिमोल. निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम १३५ ते १४५ असते. असे खारट द्रावण पोटात गेले की ते शरीरातले पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढतात, रक्तातले सोडियम चढते आणि तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. औषध बरोबर, मापे चुकीची.

ही चूक टाळण्यासाठी बहुतेक बालरोग विभागांच्या भिंतीवर पोस्टर असते आणि त्यावर ‘एक पुडी एक लिटर पाण्यात’ हे वाक्य असतेही. प्रश्न एवढाच असतो, की समोरच्या बाकावर नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजीला ते वाचता येते का? पोस्टर तयार करणाऱ्याला संगणकावर ते छान दिसलेले असते. त्याने अक्षराचा आकार ‘१८’ निवडलेला असतो. पण हे १८ म्हणजे भिंतीवर किती मिलिमीटर, हे कोणी मोजलेले नसते. ते मोजायला पाच मिनिटे लागतात आणि त्यासाठी शाळेतली पट्टी पुरते.

असेच एक पोस्टर उदाहरणाला घेऊ. ए-४ आकाराच्या पानावर वर्डमध्ये मजकूर टाईप केला आहे. वरच्या तिसऱ्या भागात बोधचिन्हे आणि मान्यवरांचे फोटो आहेत, त्याखाली ४० पॉइंटमध्ये ‘अतिसार नियंत्रण पंधरवडा’ हे शीर्षक, आणि त्याखाली १८ पॉइंटमध्ये दीडशे-दोनशे शब्दांचा मजकूर. फ्लेक्सच्या दुकानात ते दोन फूट बाय तीन फूट आकारात छापले जाणार आहे. बाक भिंतीपासून चार मीटरवर आहे.

आधी पॉइंट म्हणजे काय ते पाहू. संगणकावरचा एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, म्हणजेच ०.३५३ मिलिमीटर. छापखान्यांचा जुना अमेरिकी पॉइंट यापेक्षा किंचित लहान होता आणि युरोपातला दिदो पॉइंट थोडा मोठा, ०.३७६ मिलिमीटर. आज आपल्याकडच्या कामात त्यांचा विचार करण्याचे कारण नाही. ०.३५३ ने गुणणे तोंडी जमत नसेल तर एक सोपी जोडी लक्षात ठेवावी: १७ पॉइंट म्हणजे ६ मिलिमीटर. पॉइंटला ६ ने गुणून १७ ने भागले की मिलिमीटर मिळतात आणि उलट जायचे असेल तर १७ ने गुणून ६ ने भागावे. या हिशेबाने १८ पॉइंट म्हणजे ६.३५ मिलिमीटर.

इथेच बहुतेकांची पहिली फसगत होते. १८ पॉइंटमध्ये टाईप केलेले अक्षर छापून त्यावर पट्टी ठेवली तर ते ६.३५ मिलिमीटर भरत नाही. चार मिलिमीटरच्या आसपास भरते. यात छपाईयंत्राचा दोष नाही. पॉइंट हे अक्षराचे माप नव्हेच, ते खिळ्याचे माप आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात जुळारी ज्या धातूच्या ठोकळ्या एकापुढे एक लावत असे, त्या ठोकळीची उंची पॉइंटमध्ये मोजली जाई. अक्षर त्या ठोकळीच्या तोंडावर कोरलेले असे आणि त्याच्या वर-खाली मोकळी जागा सोडलेली असे, म्हणजे एका ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडू नयेत. शिसे गेले, संगणक आला, पण माप तेच राहिले. आज ‘१८’ म्हटले की एक न दिसणारी १८ पॉइंटची चौकट आखली जाते आणि अक्षर तिच्या आत कुठेतरी बसते.

देवनागरीला ही मोकळी जागा रोमन लिपीपेक्षा जास्त लागते. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. एवढे सगळे चौकटीत बसवायचे म्हणजे मूळ अक्षर आखूड करावे लागते. वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र चौकट दिसत नाही. त्याला ‘म’ दिसतो, शिरोरेघेपासून पायापर्यंतचा. म्हणून मोजायचे ते हेच अंतर.

ते प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळे असते, त्यामुळे ऐकीव आकडा घेऊ नये. पोस्टरसाठी जो फॉन्ट वापरायचा आहे त्यात १०० पॉइंटचा एक ‘म’ टाईप करावा, साध्या कागदावर छापावा आणि शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून पायापर्यंत पट्टीने मोजावे. १०० पॉइंटची चौकट ३५.३ मिलिमीटरची असते. समजा ‘म’ २१ मिलिमीटर भरला, तर २१ भागिले ३५.३, म्हणजे सुमारे ०.६. हा त्या फॉन्टचा गुणक झाला. दुसऱ्या फॉन्टचा ‘म’ कदाचित १८ भरेल, तिसऱ्याचा २३. म्हणजे ‘आम्ही अठराच पॉइंट ठेवले होते’ असे दोन जण म्हणत असले, तरी दोघांच्या पोस्टरवरची अक्षरे एका उंचीची असतीलच असे नाही. किराणा दुकानातल्या बंद पाकिटांवरील मजकुराची किमान उंची २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत मिलिमीटरमध्ये दिली आहे, पॉइंटमध्ये नाही. मिलिमीटरवर पट्टी ठेवता येते.

एक गंमत इथे सांगायला हवी. डॉक्टरांच्या खोलीत पॉइंट फार पूर्वीपासून आहे. जवळची नजर तपासायच्या कार्डावर एन-६, एन-८, एन-१२ असे लिहिलेले असते. ब्रिटनच्या नेत्रतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीत एन-८ म्हणजे टाइम्स या एका ठरावीक फॉन्टमधले ८ पॉइंटचे अक्षर. फॉन्ट ठरवून दिला म्हणून तिथे पॉइंट चालतो. फॉन्ट बदलला की एन-८ ला अर्थ उरत नाही.

आता किती मिलिमीटर हवे, याकडे येऊ. त्याचे उत्तर नेत्रविभागातल्या भिंतीवर टांगलेले असते. हॉलंडमधल्या उट्रेक्ट येथील नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आपला तक्ता प्रसिद्ध केला, त्यामागचे गृहीतक असे: सामान्य नजरेला जे अक्षर जेमतेम ओळखता येते, ते डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करते. एक अंश म्हणजे ६० मिनिटे, तेव्हा हा कोन अंशाच्या बाराव्या भागाइतका. सहा मीटरवर असा कोन करणारे अक्षर ८.७ मिलिमीटर उंच असते. तक्त्यातली ६/६ ची ओळ ती हीच. ६/१८ च्या ओळीतले अक्षर याच्या तिप्पट, २६ मिलिमीटर, आणि सगळ्यात वरचे ६/६० चे अक्षर ८७ मिलिमीटर.

हेच अंतरागणिक मांडले तर सामान्य नजरेला दर मीटरमागे सुमारे दीड मिलिमीटर उंचीचे अक्षर लागते. आजीची नजर मात्र ६/६ धरता येणार नाही. मोतीबिंदूची सुरुवात, कित्येक वर्षांत न बदललेला चष्मा, किंवा चष्मा घरीच राहिलेला. तिची नजर ६/१८ धरू. याहून कमी दिसू लागले की मध्यम दृष्टिदोष मोजायला सुरुवात होते, म्हणजे ६/१८ ची माणसे अशा मोजणीच्या अलीकडेच राहतात आणि बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर ती मुबलक असतात. त्यांना दर मीटरमागे तिप्पट, म्हणजे सुमारे ४.४ मिलिमीटर लागतात.

पण हा आकडा ‘जेमतेम ओळखण्या’चा आहे. तक्त्यासमोर रुग्ण डोळे बारीक करून एकेक अक्षर सांगतो. आजारी मूल मांडीवर असताना कोणी तसे वाचत नाही. शिवाय तक्त्यावरचे इंग्रजी ‘ई’ तीन आडव्या रेघांचे असते; ‘ष्ट’ किंवा ‘द्ध’ मध्ये तेवढ्याच उंचीत कितीतरी जास्त वळणे दाटलेली असतात. म्हणून निदान दुप्पट धरावे. दुप्पट हा अंदाज आहे, निसर्गनियम नव्हे, पण त्याखाली उतरू नये. हिशेब सोपा होतो: दर मीटरमागे ९ मिलिमीटर. बाक चार मीटरवर, म्हणजे शिरोरेघेपासून पायापर्यंत ३५ मिलिमीटरच्या आसपास.

आता आपले उदाहरणातले पोस्टर या मापाला लावू. ए-४ पानाची रुंदी २१० मिलिमीटर. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. फ्लेक्सवर मजकूर २.९ पट मोठा होणार. पानावरची १८ पॉइंटची चौकट ६.३५ मिलिमीटर, ती फ्लेक्सवर १८.४ होईल. तिला फॉन्टचा ०.६ हा गुणक लावला की अक्षर उरते ११ मिलिमीटर. हवे होते ३५. आजीला हे अक्षर अडीच मीटरवरून जेमतेम ओळखता येईल आणि सव्वा मीटरवरून नीट वाचता येईल. म्हणजे बाकावरून उठून, मुलाला घेऊन, समोर बसलेल्यांच्या पायांतून वाट काढत भिंतीपर्यंत जावे लागेल. तसे कोणी करत नाही. बाकावरून वाचता येण्याच्या जवळपास जाणारे एकच वाक्य पोस्टरवर आहे, ४० पॉइंटचे शीर्षक: ‘अतिसार नियंत्रण पंधरवडा’. ते वाचून पुडी किती पाण्यात घालायची हे कळत नाही.

उलट हिशेब करून पाहू. फ्लेक्सवर अक्षर ३५ मिलिमीटर हवे. ३५ ला ०.६ ने भागले की चौकट येते ५८ मिलिमीटरची. १७ ने गुणून ६ ने भागले की १६५ पॉइंट. हा झाला छापलेल्या फ्लेक्सवरचा आकार. ए-४ पानावर टाईप करायचे तर याला २.९ ने भागायचे: ५७ पॉइंट. सरळ ६० ठेवावे.

६० हा आकडा पाहून पोस्टर करणारा हमखास म्हणतो, ‘मग मजकूर मावणार कसा?’ बरोबर आहे, मावणार नाही. ६० पॉइंटमध्ये ए-४ पानाच्या एका ओळीत मोकळ्या जागा धरून बारा-चौदा अक्षरे बसतात आणि देवनागरीला ओळींमध्ये पुरेशी जागा सोडली तर उभ्या पानावर अशा नऊ ओळी. सगळे मिळून तीस-पस्तीस शब्द, तेही फोटो आणि बोधचिन्हे काढल्यावर. दोनशे शब्दांचा मजकूर चार मीटरवरून वाचता यावा अशी अपेक्षाच चुकीची होती. हे आधी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पडद्यावर पोस्टर हाताच्या अंतरावरून दिसते.

तेव्हा बाकावरून काय वाचता यायलाच हवे, ते ठरवावे लागते. या पोस्टरसाठी ते असे: ‘एक पुडी, एक लिटर पाणी’ दोन ओळींत, ‘चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या’ हे पुढच्या दोन-तीन ओळींत, आणि बाळ मलूल झाले, पाणी पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसले तर लगेच दाखवा, एवढे उरलेल्या जागेत. आकडे अक्षरांत लिहिलेले बरे. देवनागरी १ आणि ९ दुरून एकमेकांसारखे दिसतात. ‘एक’ आणि ‘नऊ’ दिसत नाहीत.

बाकीचा मजकूर फेकायचा नाही, फक्त तो उभे राहून वाचण्यासाठी आहे हे मान्य करायचे. मीटरभर अंतरावर ९ मिलिमीटरचे अक्षर पुरते. त्याचा हिशेब फ्लेक्सवर ४२ पॉइंट आणि ए-४ पानावर १५ पॉइंट असा येतो. झिंकच्या गोळीची माहिती त्यात जाऊ शकते: सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चौदा दिवस. हा भाग वेगळ्या छोट्या फ्लेक्सवर छापून औषधखिडकीशेजारी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावला तर रांगेत उभी असलेली माणसे तो वाचतात. एकाच पोस्टरवर तो तळाशी घातला आणि पोस्टर सात फुटांवर टांगले, तर जवळ जाऊनही अंतर मीटरपेक्षा जास्त होते आणि केलेला हिशेब वाया जातो.

फाईल दुकानात पोहोचल्यावर आणखी काही ठिकाणी मिलिमीटर हरवतात. पहिले ठिकाण म्हणजे पानाचा आकार. दोन फूट रुंद पान वर्डमध्ये करताच येत नाही, तिथे २२ इंचांच्या पुढे पान जात नाही. त्यामुळे ए-४ वर करून मोठे करण्यावाचून पर्याय नसतो. पॉवरपॉइंटमध्ये मात्र पान थेट ६१ बाय ९१.४ सेंटिमीटरचे ठेवता येते आणि मग गुणाकार-भागाकार उरत नाही: १६५ पॉइंट हवे तर १६५ च निवडायचे. पण पॉवरपॉइंटच्या यादीतून ‘ए-४’ हा तयार आकार निवडला तर फसगत होते. ते पान २७.५२ बाय १९.०५ सेंटिमीटरचे असते, खऱ्या ए-४ च्या २९.७ बाय २१ पेक्षा लहान. २.९ पट धरून केलेला हिशेब तिथे दहा टक्क्यांनी चुकतो. म्हणून पानाचे नाव पाहू नये, त्याचे सेंटिमीटर पाहावेत.

दुसरे ठिकाण म्हणजे ताणणे. ए-४ पान आणि दोन बाय तीन फुटांचा फ्लेक्स यांचे प्रमाण सारखे नाही. रुंदी २.९ पट होते तेव्हा उंची ३.०८ पट व्हावी लागते. दुकानातला मुलगा काठाला पांढरी पट्टी राहू नये म्हणून चित्र उभे ताणून बसवतो. या उदाहरणात अक्षरे थोडी उंच होतात, नुकसान फारसे नाही. पण तेच पोस्टर तीन बाय दोनच्या आडव्या चौकटीत कोंबले की अक्षरे चपटी होतात, आणि त्यांची उंचीच तर आपण मोजून ठरवली होती. फाईल पीडीएफमध्ये द्यावी आणि ‘ताणू नका, पट्टी राहिली तरी चालेल’ असे सांगून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या पोस्टरमध्ये अनुस्वार आणि रफार सगळ्यात आधी पुसट होतात.

तिसरे ठिकाण घरचे किंवा कार्यालयातले छपाईयंत्र. ‘म’ मोजायला छापतो तेव्हा छपाईच्या चौकटीत `Fit` निवडलेले असेल तर यंत्र पान कडांमध्ये बसवण्यासाठी सगळे काही थोडे लहान करते आणि गुणक चुकीचा निघतो. तिथे `Actual size` किंवा `100%` हवे. पडद्यावर पट्टी ठेवून मोजण्याचा मोह टाळावा. पडद्यावर १०० टक्के दिसते ते कागदावरच्या मापाइतके असेलच याची हमी नसते.

या सगळ्या हरवाहरवीवर एक साधा उपाय आहे. पोस्टरच्या तळाच्या कोपऱ्यात एक बारीक आडवी रेघ काढावी, जी छापल्यावर बरोबर १०० मिलिमीटर असायला हवी, आणि तिच्या शेजारी तेवढीच उभी. खऱ्या आकाराच्या फाईलमध्ये या रेघा १०० मिलिमीटरच्या काढायच्या. ए-४ पानावर काढायच्या तर १०० भागिले २.९, म्हणजे ३४.५ मिलिमीटरच्या. फ्लेक्स हातात आला की दुकानातच पट्टी लावायची. दोन्ही रेघा १०० भरल्या तर पैसे द्यायचे. आडवी १०० आणि उभी १०६ भरली तर ताणले आहे. दोन्ही ९० भरल्या तर सगळेच दहा टक्क्यांनी लहान झाले आहे आणि ३५ चे अक्षर साडेएकतीस उरले आहे. यासाठी मजकुरातली अक्षरे एकेक करून मोजत बसावे लागत नाही.

फ्लेक्सवर पैसे घालण्याआधी एक चाचणी बिनखर्चात होते. ‘एक लिटर पाणी’ एवढी एकच ओळ १६५ पॉइंटमध्ये साध्या ए-४ कागदांवर, लागले तर दोन-तीन कागद जोडून, छापावी आणि जिथे पोस्टर लागणार आहे तिथे चिकटवावी. मग बाकावर बसलेल्या दोन-तीन वयस्क माणसांना ती मोठ्याने वाचायला सांगावी. ‘दिसते का?’ असे विचारू नये. ‘हो, दिसते ना’ असे उत्तर येते, कारण कागद दिसतोच. वाचता न येणाऱ्या माणसाला त्यावरून खजील करू नये, हेही सांभाळावे. त्याच्यासाठी लिटरच्या पाण्याच्या बाटलीचे आणि शेजारी एका पुडीचे चित्र लागते, आणि ते चित्रही चार मीटरवरून ओळखू यावे एवढे मोठे असावे. वाचता येणारा माणूस अडखळला तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पिवळ्यावर पांढरे किंवा लालवर निळे अशी रंगसंगती, समोरच्या खिडकीचा उजेड फ्लेक्सच्या चकाकीवर पडणे, संध्याकाळी ट्यूबलाइट बंद असणे. अक्षराचा सगळा हिशेब पांढऱ्यावर काळे आणि पुरेसा उजेड धरून केलेला आहे. यातले काही बिघडले की ३५ मिलिमीटरही कमी पडतात.

पोस्टर बरोबर झाले तरी पुडी घरी जाते, पोस्टर नाही. पुडीवरचा मजकूर हातात धरून, सुमारे ४० सेंटिमीटरवरून वाचला जातो. दर मीटरमागे ९ मिलिमीटरच्या हिशेबाने ६/१८ नजरेला तिथे साडेतीन मिलिमीटरचे अक्षर हवे, आणि साठीच्या आजीला जवळचा चष्माही हवा. पुडीवरची बारीक अक्षरे याहून बरीच लहान असतात. त्यात बाजारात एका पेल्याच्या, २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात आणि घरात दोन्ही प्रकार एकत्र पडलेले असतात. म्हणून काही औषधखिडक्यांवर पुडी देताना जाड मार्करने तिच्यावर ‘एक लिटर’ असे सेंटिमीटरभर उंचीच्या अक्षरांत लिहून देतात. त्याला दोन सेकंद लागतात.